रद्दी कुणी ताजी घेतं व्हय?

आमच्या घरची दिवाळी दोनदा संपते. एकदा भाऊबीजेला, सगळ्या महाराष्ट्राबरोबर. आणि दुसऱ्यांदा येळवशीला, मायचा डबा रिकामा होतो तेव्हा.

येळवस म्हणजे वेळ अमावस्या, मार्गशीर्षातली. लातूर-धाराशिवकडच्या आणि आमच्या नांदेडच्याही काही भागातल्या माणसाला तिचं महत्त्व सांगावं लागत नाही. बाकीच्यांसाठी एवढंच, की त्या दिवशी गावात कुत्रंसुद्धा राहत नाही. सगळे शेतात. कडब्याची कोप करायची, आत पांडव मांडून पुजायचे, मग भज्जी, आंबील, उंडे, खीर असं पंगतीनं हाणायचं. बांधावरून जाणारा अनोळखी माणूसही जेवल्याशिवाय सुटत नाही. आम्ही नांदेडला राहतो आणि माय चाकूर तालुक्यातल्या गावी, म्हणून लोहा, अहमदपूर करत दरवर्षी जातो. वाटेत माळेगावची खंडोबाची जत्रा नेमकी त्याच सुमारास भरलेली असते. घोडे, उंट, गाढवं आणि तमाशाचे तंबू ह्यांच्या गर्दीतून गाडी काढेपर्यंत निम्मी भूक जाते. डब्याच्या दृष्टीनं तेही बरंच असतं.

हा डबा मूळचा पंधरा किलो तेलाचा. पत्रेवाल्यानं वरचा भाग कापून त्याला झाकण बसवून दिलं, त्याला माझ्या लग्नाइतकी वर्षं झाली. झाकण अजून घट्ट आहे. दिवाळीला माय तो तळापासून भरते: खाली कानवले, त्यावर शंकरपाळे, मग रव्याचे लाडू, सगळ्यांत वर अनारसे. दोन थरांमध्ये वर्तमानपत्राचा कागद. करंजीला आमच्याकडे कानवला म्हणतात. पुण्याच्या माणसाला ते सांगितलं की तो कानाला हात लावून बघतो.

तर 30 डिसेंबर 2024 ला, सोमवारी, जेवणं उरकल्यावर, कोपीच्या सावलीत मायनं डबा पुढं ओढला. समोर बांधशेजारचे चौघं-पाचजण, त्यांची पोरं, एक एसटीचा कंडक्टर (हा कुणाचा पाहुणा ते शेवटपर्यंत कळलं नाही) आणि आमची लेक. लेक परभणीला कृषी विद्यापीठाच्या अन्नतंत्र महाविद्यालयात तिसऱ्या वर्षाला आहे. ते महाविद्यालय 1976 पासूनचं, पण आमच्या घरात त्याचा उपद्रव गेल्या तीन वर्षांतला. पहिल्या वर्षी तिनं चहा गाळायच्या फडक्यावर आक्षेप घेतला. दुसऱ्या वर्षी लोणच्याच्या बरणीवर. तिसऱ्या वर्षी ती डब्यापर्यंत आली.

"आजी, थांब. हे कधीचं आहे?"

"दिवाळीचं."

"दिवाळी 1 नोव्हेंबरला झाली. आणि फराळ त्याच्या आधीच्या रविवारी केला, 27 ऑक्टोबरला. म्हणजे आज चौसष्ट दिवस झाले."

माय म्हणाली, "मंग? दोन अवसा झाल्या. दिवाळीची धरून तीन. त्याच्यात काय मोजायचं?"

लेकीनं तोवर थरांमधला कागद बाहेर काढला होता. त्यावरची तारीख वाचून तिचा चेहरा असा झाला, जसा फक्त चोर सापडल्यावर पोलिसाचा होतो. "आजी! हा पेपर 2023 चा आहे!"

कंडक्टरनं हातातला अनारसा खाली ठेवला.

माय जराही हलली नाही. "कागद मागच्या वर्षीचा हाय. लाडू ह्या वर्षीचे हायेत. रद्दी कुणी ताजी घेतं व्हय?"

ह्यावर परभणीच्या अभ्यासक्रमात उत्तर नसावं. लेकीनं मुद्दा बदलला. छापील कागदात खायचं गुंडाळू नये, शाईतली द्रव्यं तुपाला लागतात, असं केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणानं 2016 सालीच बजावलंय, असं ती म्हणाली. आणि 1 ऑक्टोबर 2020 पासून तर मिठाईच्या दुकानात सुट्या पेढ्याच्या ताटासमोरही तो कुठवर चांगला राहील ही तारीख लावावी लागते.

"मी दुकान टाकलंय व्हय?" मायनं विचारलं, आणि अनारसा पुन्हा कंडक्टरच्या हातात दिला. त्यानं माझ्याकडे बघितलं. मी आभाळाकडे.

माझी पंचाईत वाचकांनी समजून घ्यावी. मधल्या पिढीला डब्याच्या बाबतीत मत नसतं. आईनं दिलं ते खायचं आणि लेकीनं टाक म्हटलं ते टाकायचं, ह्या दोन कर्तव्यांच्या मधोमध तोंडात लाडू धरून उभं राहायचं असतं. त्यात "तूच खाऊन सांग" असं दोन्हीकडून एकदम म्हटलं गेलं, आणि मी न्यायाधीश झालो. खरं तर उंदीर झालो, प्रयोगशाळेतला.

अनारशांचा निकाल चटकन लागला. तांदूळ तीन दिवस भिजवून, वाळवून, दळून गुळात मळलेलं ते पीठच मुळात महिनोन्‌महिने टिकतं. मग ते तळून, उभं करून तूप निथळवलेलं. खमंग होते. लेकीनंही दोन खाल्ले, अर्थात नमुना म्हणून.

शंकरपाळे मायनं मुठीत घेऊन कानाशी खुळखुळवले. आवाज बसका आला. "सादळले," ती स्वतःच म्हणाली. लेकीनं मान डोलावली. सादळणं म्हणजे खराब होणं नव्हे. तळताना पाणी उडून गेलेलं असतं, म्हणून ते कुरकुरीत. हवेतलं किंवा शेजाऱ्याचं पाणी ओढून घेतलं की मऊ. इथं शेजारी म्हणजे वरचे लाडू. दोन्ही एका डब्यात असले की लाडवातला ओलावा हळूहळू शंकरपाळ्यांत उतरतो. कागद काही त्याला अडवत नाही. कोरड्या कढईत मंद आचेवर हलवून घेतले की पुन्हा ताठ होतात. चूल पेटलेलीच होती. कढई चढली, आणि ह्या एका बाबीवर आजी आणि नात यांच्यात जे एकमत झालं, ते पाहून शेजारचे लोक जरा निराश झाले.

पण लाडवांनी निराशा भरून काढली.

वरच्या थरातले लाडू पांढरेशुभ्र, टणक, बोट लावलं तर रवा कणीकणीनं सुटणारे. मायनं एक फोडून हुंगला, मला दिला. मी खाल्ला. उत्तम. लेक म्हणाली, "खालचे बघ." खालच्या आठ-दहा लाडवांतल्या तिघांवर करडी-हिरवी लव आली होती. एकाची तर मखमलच झाली होती.

"ह्याला काय म्हणतेस?"

"ह्याला बुरशी म्हणतेत," माय म्हणाली. "ते तीन टाक अन् बाकीचे दे."

आता लेक उभी राहिली. नांदेडला सभेला लोक उभे राहतात तशी. खाण्याची वस्तू मऊ असेल, तर वर दिसते ती बुरशीची नुसती फुलं. तिचे धागे आत कुठवर गेलेत ते दिसत नाही, आणि शेजारच्या लाडवावर तिचं बी पडलेलं असतंच. सगळा थर जायला हवा. पण तिचा खरा प्रश्न वेगळा होता. एकाच कढईतले, एकाच दिवशी वळलेले लाडू. वरचे दगडासारखे निरोगी आणि खालच्यांना लव, हे कसं?

ते समजायला तिनं आम्हाला पाण्याची गोष्ट सांगितली. पदार्थात पाणी किती आहे ह्याला महत्त्व नाही. त्यातलं मोकळं किती, ह्याला आहे. साखर पाण्याला धरून ठेवते, सोडत नाही. त्या मोकळ्या पाण्याला एक माप आहे. निव्वळ पाण्याचं माप 1. ते 0.9 च्या खाली आलं की बहुतेक जंतू वाढायचे थांबतात. 0.7 च्या आसपास बहुतेक बुरशाही हात टेकतात. आणि 0.6 च्या खाली काहीच उगवत नाही, मग डबा वर्षभर ठेवा.

चौघं शेतकरी फार लक्ष देऊन ऐकत होते. त्यातला एक म्हणाला, "म्हंजे पैसेवारी."

"काय?"

"पिकाची पैसेवारी काढतेत न्हाई का? पन्नासच्या खाली आली की दुष्काळ. तुमच्या बुरशीची साठच्या खाली आली की दुष्काळ."

लेक क्षणभर बघत राहिली. मग म्हणाली, "बरोबर." तीन वर्षांत तिच्या कुठल्या मास्तरांनी ही गोष्ट इतकी चोख सांगितली नसेल. पन्नास पैशांची रेघ आमच्या भागात लहान पोरालाही कळते.

"मंग वरच्या लाडवात दुष्काळ अन् खालच्यात पाऊस कामून पडला?" मायनं विचारलं. हा प्रश्न तिनं फार गोड आवाजात विचारला. मी चाळीस वर्षं तो आवाज ओळखतो. त्याच्यानंतर नेहमी माझी गणिताची वही निघायची.

"डबा गळत असेल," लेक म्हणाली.

"डबा गळत न्हाई. दिवाळीला लाडू कुणी कुणी वळले?"

"आपण दोघींनी."

"तू त्याचं चित्र काढलं होतंस फोनात. दाव की."

लेकीनं व्हिडिओ काढला. तो तिनं खरं तर तारखेचा पुरावा म्हणून मघाशीच दाखवायचा ठरवला होता, आणि तारीख त्यावर होतीही: 27 ऑक्टोबर, दुपारी सव्वातीन. आम्ही सगळे फोनवर वाकलो. कंडक्टरही वाकला.

रीत अशी. एक किलो रवा पाव किलो तुपावर गुलाबी भाजायचा. पाऊण किलो साखर बुडेल इतकंच पाणी घालून पाक करायचा, एकतारी. दोन बोटांमध्ये धरून ओढल्यावर एक तार यावी आणि तुटावी. त्यात रवा सोडायचा, झाकून ठेवायचा, मुरला की वळायचा. पाकातले लाडू टिकतात, कारण उरलेलं पाणी साखरेच्या ताब्यात असतं. पण पाक एका मिनिटानं जरी पुढं गेला, तरी रवा सगळा रस पिऊन कोरडाठक होतो आणि लाडू वळत नाही, मुठीत भुगा होतो.

व्हिडिओत निम्म्या परातीचे लाडू मायनं वळलेले दिसत होते. मग मायला बाहेर कुणीतरी हाक मारली. मिश्रण वाळत चाललं होतं. आणि मग, स्वच्छ दुपारच्या उजेडात, आमच्या लेकीचा डावा हात चौकटीत आला. त्या हातात वाटी होती. वाटीत दूध होतं. तिनं ते रव्यावर शिंपडलं, एकदा, दोनदा, पुन्हा हात बुडवून तिसऱ्यांदा, आणि ओल्या तळव्यांनी भराभर लाडू वळले. मागून तिचाच आवाज: "बघा, किती छान वळले जातायत!"

कोपीत शांतता पसरली. चुलीवरचे शंकरपाळे तेवढे खुळखुळत होते.

दुधाचा हात लावून लाडू सगळीकडेच वळतात, त्यात गुन्हा काही नाही. पण ते चार-आठ दिवसांत संपवायचे असतात, चौसष्ट दिवसांच्या डब्यात ठेवायचे नसतात. दुधानं नुसतं मोकळं पाणी आणलं नाही, जेवणही आणलं. आणि घाईत ते लाडू आधी भरले गेले म्हणून खाली बसले, जिथं वारा नाही.

मायनं निकाल दिला. "मी दुष्काळ पाडला होता. तू मिरजेहून रेल्वे सोडलीस."

2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली, तेव्हा स्टेशनवर बघायला गेलेल्यांत आमचा निम्मा गाव होता. त्यामुळे ह्या वाक्याला जो हशा मिळाला, तो नांदेडला मिळाला नसता आणि पुण्याला समजलाही नसता. लेकसुद्धा हसली, जरा उशिरा.

दुधाचे सगळे लाडू, लव आलेले आणि न आलेले, बाजूला काढले. माय ते पदरात घेऊन म्हशीकडे निघाली. टाकून द्यायचं हा शब्द तिच्याकडे नाही.

"आजी, म्हशीला नको!"

आणि मग टर्की आली. 1960 साली इंग्लंडमध्ये लाखाच्या वर टर्की पक्षी पटापट मेले. कारण सापडेना, म्हणून रोगाला नावही 'टर्की एक्स' दिलं. शेवटी कळलं, की त्यांच्या खाद्यात ब्राझीलहून आलेली शेंगदाण्याची पेंड होती आणि तिला बुरशी लागली होती. त्या बुरशीच्या विषाला अफ्लाटॉक्सिन म्हणतात. ते यकृताला मारतं, तळून-भाजून धड जात नाही, आणि दुभत्या जनावरानं खाल्लं तर दुधात उतरतं. लाडवावरची बुरशी तीच आहे असं नाही. पण कुठली विषारी आणि कुठली बिनविषारी हे नुसत्या डोळ्यांना कळत नाही.

"टर्की म्हंजे?"

"मोठी कोंबडी, आजी. इंग्लंडातली."

माय म्हशीजवळ उभी राहून विचार करत होती. इंग्लंडातल्या कोंबड्यांबद्दल तिला काही वाटलं असेल असं मला वाटत नाही. पण म्हैस तिची होती आणि दूध चाकूरच्या डेअरीला जात होतं. तिनं लाडू उकिरड्यात पुरले. येताना म्हणाली, "पेंडीचं मला म्हाईत होतं. लागलेली पेंड आम्ही बी घालत न्हाई." हा एक गुण तिनं परत घेतला.

राहिले कानवले. मला वाटलं होतं, आता माय जिंकलीच आहे, तर हे कुणी तपासणार नाही. पण लेकीला एक तरी गुन्हा हवा होता. तिनं कानवला मोडला. बुरशी नाही, ओल नाही, कवच खुसखुशीत. मायनं हुंगला, म्हणाली, "झकास." मला दिला.

मी खाल्ला. आणि मला माझं लहानपण आठवलं. आजोळचं नव्हे, न्हाणीघरातलं. डोळे मिटून डोक्यावर तांब्या ओतताना तोंडात जातो तो साबण.

"काय झालं?" दोघी म्हणाल्या.

"जरा... साबणासारखं."

लेकीच्या डोळ्यांत करुणा आली. करुणा करणाऱ्याला आनंद झालेला असतो, हे मला तेव्हा कळलं. खोबऱ्यात निम्म्याहून जास्त तेल असतं. त्या तेलात ओलावा शिरला, की त्यातली आम्लं सुटी होतात. खोबऱ्याच्या तेलातलं मुख्य आम्ल सुटलं की चव साबणाची लागते, कारण साबण बनतो तोच मुळी त्या आम्लांपासून. हे होऊ नये म्हणूनच खोबरं किसून खमंग भाजायचं असतं: ओल जाते, आणि तेल फोडणारा पाचक रसही आचेनं निकामी होतो. शिवाय हवा आणि ऊब मिळाली की तेल खवटतं ते वेगळंच.

"भाजलं होतं मी," माय म्हणाली.

"किती?"

माय गप्प. मग म्हणाली, "ह्या वर्षी गॅस संपत आला होता."

आणखी एक गोष्ट उघडी पडली. डबा नेहमी माळवदाच्या खोलीत, फडताळात असायचा. तिथं मे महिन्यातही गार. ह्या वर्षी मांजरीच्या भीतीनं तो फ्रीजवर ठेवला होता. फ्रीज आत गार असतो आणि अंगातली ऊब मागून-वरून बाहेर टाकत असतो, हे मलाही लेकीनं सांगेपर्यंत कळलं नव्हतं. दोन महिने कानवले त्या शेकोटीवर बसून होते, आणि सगळ्यात खाली.

मायनं आणखी एक कानवला घेतला. पुन्हा हुंगला, बराच वेळ. पुन्हा म्हणाली, "मला तर वास येत न्हाई बाई." अठ्ठ्याहत्तर वर्षांचं नाक. लेक काहीतरी बोलणार होती, बोलली नाही. तिनं आजीच्या हातातला कानवला घेतला, अर्धा खाल्ला, सबंध चावून गिळला, आणि म्हणाली, "एवढा काही वाईट नाही. पण पाहुण्यांना नको देऊ."

"खोबरं दुकानदारानंच जुनं दिलं," माय म्हणाली, आणि सगळ्यांनी दुकानदाराला नावं ठेवली. तो तिथं नव्हता, हे फार सोयीचं होतं.

एक घास खवट खोबरं खाऊन कुणी मरत नाही, हे लेकीनं नंतर गाडीत कबूल केलं. मी अडीच कानवले खाल्ले होते, म्हणून विचारलं.

निघण्यापूर्वी तिनं डबा घासून, पुसून उन्हात पालथा घातला. नांदेडहून चिकटपट्टी आणली होतीच. झाकणावर लावून मार्करनं ठळक लिहिलं: "भरला: 30 डिसेंबर. 29 जानेवारीच्या आत संपवा." आत उरलेले अनारसे, शंकरपाळे, पाकाचे लाडू, आणि वर्तमानपत्राऐवजी कोरं फडकं. मायनं ती पट्टी वाचली. तिला वाचता येतं. ती म्हणाली, "अक्षर चांगलं हाय."

महाशिवरात्रीला आम्ही पुन्हा गेलो. लातूरला सिद्धेश्वराची जत्रा करून संध्याकाळी गावी पोचलो. डबा फडताळात होता, फ्रीजवर नाही. झाकणावर पट्टी तशीच, कोपरेही न उचललेले. आत तिळाचे लाडू.

लेकीनं झाकणाकडे बोट दाखवलं. "आजी, हे कधीचे?"

माय चुलीपुढून उठलीही नाही. "वाच की, त्याच्यावर लिवलंय."

"त्याच्यावर डिसेंबर लिहिलंय! तीळ संक्रांतीचे असतील ना?"

"पट्टी मागची हाय," माय म्हणाली. "चांगली चिकटली होती, कामून काढू?"

लेकीनं एक लाडू घेऊन हुंगला, कानाशी नेला, मोडला. मग माझ्याकडे सरकवला.